R मध्ये अवयव एकमेव, तर R[x] मध्येही एकमेव: गाउसचा लेमा नेमका कुठे लागतो?

प्रश्न: Z[x] मध्ये नेहमीचा भागाकार चालत नाही. (2, x) हे आयडियल एका घटकाचं होत नाही, म्हणजे Z[x] पीआयडीही नाही. मग तिच्यात अवयव एकाच प्रकारे पडतात ते कशाच्या जोरावर? R यूएफडी असेल तर R[x] पण यूएफडी असते, या सिद्धतेत गाउसचा लेमा नेमका कुठे वापरतात? आणि दोन-तीन चलांच्या बहुपदींना हे आपोआप लागू होतं का?

उत्तर:

भागाकार लागतोच, फक्त तो Z[x] मध्ये करायचा नसतो. तो Q[x] मध्ये करायचा. तिथे सहगुणक फील्डमधले असल्यामुळे भागाकार बिनदिक्कत चालतो, मसावि निघतो आणि अवयव एकमेव ठरतात. मग ते अवयव छेद काढून Z[x] मध्ये परत आणायचे. परत आणताना काही हरवत नाही आणि नवं काही शिरत नाही, एवढी एकच हमी हवी असते, आणि ती गाउसचा लेमा देतो. Z च्या जागी कोणतीही यूएफडी R घेतली आणि Q च्या जागी R चं अपूर्णांकांचं फील्ड K घेतलं, तरी युक्तिवाद अक्षरशः तोच राहतो. अनेक चलांचा निकालही या "कोणतीही R" मधूनच येतो.

आधी यूएफडी म्हणजे काय तपासायचं ते ठरवू. R ही इंटिग्रल डोमेन आहे असं धरून दोन गोष्टी बघायच्या. पहिली, शून्य आणि युनिट सोडून कोणताही घटक घेतला की त्याचे अवयव पाडण्याची क्रिया कुठेतरी थांबते, म्हणजे इर्रिड्युसिबल अवयव मिळतात. दुसरी, ते क्रम आणि युनिट यांचा फरक सोडला तर एकाच प्रकारे मिळतात. 6 = 2·3 आणि 6 = (−3)(−2) हे वेगळे मानत नाहीत. दुसऱ्या गोष्टीचं काम करायला सोपं रूप असं आहे: प्रत्येक इर्रिड्युसिबल p प्राइम असला पाहिजे, म्हणजे p ने ab ला भाग जात असेल तर a ला किंवा b ला भाग गेलाच पाहिजे. सगळी अडचण इथेच असते. अवयव पडणं बहुतेक ठिकाणी सहज दाखवता येतं. इर्रिड्युसिबल घटक प्राइम आहे हे दाखवायला काहीतरी ठोस लागतं.

आता f ही R[x] मधली शून्य नसलेली बहुपदी घ्या. तिच्या सगळ्या सहगुणकांचा मसावि म्हणजे तिचा कंटेंट, c(f). कंटेंट 1 (किंवा युनिट) असेल तर बहुपदी प्रिमिटिव्ह. 12x² + 18x + 30 चा कंटेंट 6, आणि 6 बाहेर काढल्यावर उरलेली 2x² + 3x + 5 प्रिमिटिव्ह. R मध्ये मसावि आहे हे इथे गृहीत धरलं आहे, आणि ते रास्त आहे: सहगुणकांचे प्राइम अवयव पाडा आणि प्रत्येक प्राइमचा सर्वांत लहान घातांक घ्या. हा मसावि सहगुणकांच्या जोडणीतून, ua + vb अशा रूपात, मिळेलच असं नाही, आणि तशी गरजही नाही. पुढे R म्हणून Q[y, z] सारखी रिंग घेऊ तेव्हा ही सूट फार कामाला येईल.

गाउसनं हा लेमा १८०१ च्या "डिस्क्विझिशिओनेस अरिथमेटिके" मध्ये ४२ व्या कलमात दिला आहे. तिथलं रूप असं: अग्र सहगुणक 1 असलेल्या दोन बहुपदींचे सहगुणक परिमेय आहेत, पण सगळे पूर्णांक नाहीत, मग त्यांच्या गुणाकाराचे सहगुणक सगळे पूर्णांक असू शकत नाहीत. आज आपण हीच गोष्ट अशी म्हणतो: प्रिमिटिव्ह गुणिले प्रिमिटिव्ह म्हणजे प्रिमिटिव्हच.

सिद्धता दोन-तीन ओळींची आहे, पण तिच्यातली एक ओळ सगळा भार उचलते. समजा f आणि g प्रिमिटिव्ह आहेत आणि तरी fg च्या सगळ्या सहगुणकांना R मधल्या एका प्राइम p ने भाग जातो. सगळे सहगुणक p च्या बाकीत बघा, म्हणजे R/(p) मध्ये. f प्रिमिटिव्ह असल्यामुळे तिच्या किमान एका सहगुणकाला p ने भाग जात नाही, तेव्हा बाकीत f शून्य होत नाही. g चंही तसंच. पण fg मात्र बाकीत शून्य झाली. आता p प्राइम आहे, म्हणून R/(p) इंटिग्रल डोमेन आहे, आणि इंटिग्रल डोमेनवरच्या दोन शून्येतर बहुपदींचा गुणाकार शून्य होत नाही, कारण अग्र सहगुणकांचा गुणाकारच शून्य होत नाही. इथे विरोध आला आणि काम झालं.

भार उचलणारी ओळ म्हणजे "p प्राइम आहे, म्हणून R/(p) इंटिग्रल डोमेन आहे". R यूएफडी असल्याचा खरा वापर इथे होतो. R मधल्या इर्रिड्युसिबल p ला प्राइम म्हणण्याचा हक्क आपल्याला यूएफडीनं दिलेला आहे. शिवाय याच ओळीतून हेही मिळतं की R मधला प्राइम p हा R[x] मध्येही प्राइमच राहतो. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळात परत लागेल.

एकदा आकड्यांवर बघा. f = 2x + 3, g = 3x + 2, आणि fg = 6x² + 13x + 6. दोन्ही टोकांना 6, म्हणजे संशयित प्राइम 2 आणि 3. बाकी 2 ने काढली तर f चं 1 होतं, g चं x होतं, गुणाकार x. बाकी 3 ने काढली तर f चं 2x, g चं 2, गुणाकार 4x म्हणजे x. दोन्ही वेळा मधलं पद तगून राहिलं. मधला 13 हा 2 च्या किंवा 3 च्या पाढ्यात सापडणं शक्यच नव्हतं.

कोणत्याही f आणि g मधून कंटेंट बाहेर काढून लेमा लावला की c(fg) = c(f)·c(g) मिळतं, युनिटचा फरक सोडून. यापुढे लेमा याच रूपात वापरायचा.

आता K[x] मधून परत येण्याची पायरी. f ही R[x] मधली प्रिमिटिव्ह बहुपदी आहे, g सुद्धा R[x] मधली आहे, आणि K[x] मध्ये f ने g ला निःशेष भाग जातो: g = f·h, पण h च्या सहगुणकांत छेद असू शकतात. दावा असा की छेद नसतातच. h च्या सगळ्या सहगुणकांचा समान छेद काढा, मग अंशांचा मसावि बाहेर घ्या; h = (a/b)·h₀ असं लिहिता येतं, जिथे h₀ प्रिमिटिव्ह आहे आणि a/b अतिसंक्षिप्त रूपात आहे. मग b·g = a·f·h₀. दोन्ही बाजूंचा कंटेंट घ्या: डावीकडे b·c(g), उजवीकडे a·1·1. म्हणजे b ने a ला भाग जातो. अतिसंक्षिप्त रूपात हे तेव्हाच घडतं जेव्हा b युनिट असतो. म्हणून h आधीपासूनच R[x] मध्ये होती.

f प्रिमिटिव्ह आहे ही अट सोडली तर हे लगेच कोसळतं. Q[x] मध्ये 2x + 2 ने x + 1 ला भाग जातो, भागाकार 1/2 येतो. Z[x] मध्ये अर्थातच जात नाही.

याच धर्तीवर दुसरी गोष्टही मिळते: R[x] मधली प्रिमिटिव्ह बहुपदी K[x] मध्ये लहान कोटीच्या दोन अवयवांत फुटत असेल, तर R[x] मध्येही त्याच कोटींच्या अवयवांत फुटते. 6x² + 5x + 1 चे Q[x] मध्ये 6(x + 1/2)(x + 1/3) असे अवयव पडतात. बाहेरचा 6 हा 2·3 असा वाटला जातो, छेद पुरते संपतात आणि (2x + 1)(3x + 1) मिळतात. 6 नेमका दोन्ही छेद फेडतो, ना कमी ना जास्त, हे कंटेंटच्या सूत्रामुळेच.

एवढं हाताशी आलं की R[x] मधले इर्रिड्युसिबल घटक दोनच जातींचे आहेत हे दिसतं. पहिली जात: R मधले प्राइम, म्हणजे शून्य कोटीचे. दुसरी जात: कोटी किमान 1 असलेल्या अशा बहुपदी ज्या प्रिमिटिव्ह आहेत आणि K[x] मध्ये इर्रिड्युसिबल आहेत. विद्यार्थी बहुतेक "प्रिमिटिव्ह" हा शब्द गाळतात. 2x + 2 ही Q[x] मध्ये इर्रिड्युसिबल आहे, पण Z[x] मध्ये ती 2·(x + 1) आहे. Q मध्ये 2 युनिट असल्यामुळे तो अवयव तिथे दिसतच नाही.

आता या दोन्ही जाती प्राइम आहेत हे दाखवायचं. पहिल्या जातीचं काम लेमाच्या सिद्धतेतच उरकलं आहे: R मधला प्राइम R[x] मध्येही प्राइम राहतो. दुसऱ्या जातीसाठी, समजा f ने gh ला R[x] मध्ये भाग जातो. मग K[x] मध्येही जातो. K[x] पीआयडी आहे, तिथे इर्रिड्युसिबल f प्राइम आहे, म्हणून f ने g ला किंवा h ला K[x] मध्ये भाग जातो. समजा g ला जातो. f प्रिमिटिव्ह आहे, म्हणून वरच्या पायरीनं तो भाग R[x] मध्येही निःशेष जातो. संपलं. तुमच्या "लेमा नेमका कुठे" या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या पायरीत आहे.

अवयव पाडण्याची क्रिया थांबते हे सांगायला फार लागत नाही. f = c(f)·f₀ लिहा. c(f) चे अवयव R मध्ये पाडा, ते R यूएफडी असल्यामुळे संपतात. f₀ प्रिमिटिव्ह आहे, तेव्हा तिचा स्थिर अवयव काढायला गेलात तर युनिटच मिळतो. खरा अवयव पडतो तेव्हा कोटी घटते, आणि कोटी किती वेळा घटणार?

R यूएफडी नसेल तर नेमकं काय मोडतं

उलट दिशा सोपी आहे: R[x] यूएफडी असेल तर R असतेच, कारण स्थिर घटकाचे सगळे अवयव स्थिरच असतात. म्हणून R बिघडलेली असेल तर R[x] नक्की बिघडते. पण बिघाड कसा दिसतो ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्याने लेमाची गरज पटते.

R = Z[√−5] घ्या आणि 3x² + 4x + 3 ही बहुपदी घ्या. तिचा विवेचक 16 − 36 = −20, म्हणून मुळं (−2 ± √−5)/3. K[x] मध्ये ती फुटते:

3x² + 4x + 3 = (1/3)·(3x + 2 + √−5)·(3x + 2 − √−5)

पडताळा सोपा आहे: (3x + 2)² + 5 = 9x² + 12x + 9.

R[x] मध्ये मात्र ही फुटत नाही. स्थिर अवयव काढता येत नाही, कारण 3 आणि 4 या दोघांना भाग जाणारा घटक 4 − 3 = 1 लाही भागतो. उरली शक्यता (ax + b)(cx + d), जिथे ac = 3. Z[√−5] मध्ये m + n√−5 चा नॉर्म m² + 5n² असतो, आणि 3 हा नॉर्म कोणाचाच नाही. त्यामुळे नॉर्म 9 असलेला 3 इर्रिड्युसिबल आहे, आणि a, c पैकी एक ±1 असावा लागतो. मग एक मूळ R मध्येच यायला हवं, पण (−2 ± √−5)/3 तिथे नाही.

छेदातला 3 का संपला नाही? उजवीकडचे दोन अवयव बघा. 3 आणि 2 + √−5 या दोघांचा नॉर्म 9, दोघं इर्रिड्युसिबल, आणि युनिटनं गुणून एकातून दुसरा मिळत नाही. म्हणजे त्यांचा सामाईक विभाजक फक्त ±1, आणि 3x + 2 + √−5 ही प्रिमिटिव्ह. दुसरा अवयवही तसाच. तरी त्यांच्या गुणाकाराच्या 9, 12, 9 या तिन्ही सहगुणकांना 3 ने भाग जातो. गाउसचा लेमा इथे उघड खोटा ठरला. बाकी 3 ने काढा म्हणजे कारण दिसेल: पहिला अवयव 2 + √−5 एवढाच उरतो, दुसरा 2 − √−5, दोन्ही शून्य नाहीत, पण त्यांचा गुणाकार 9 म्हणजे शून्य. 3 इर्रिड्युसिबल आहे पण प्राइम नाही, म्हणून R/(3) इंटिग्रल डोमेन नाही. भार उचलणारी ओळ जिथे होती, बरोबर तिथेच इमारत खचली.

अनेक चलं

प्रमेय फक्त Z साठी न सांगता कोणत्याही R साठी का सांगतात, ते इथे कळतं. Z[x, y] म्हणजे (Z[x])[y]. Z[x] यूएफडी आहे हे एकदा सिद्ध झालं की तिलाच R समजा आणि प्रमेय पुन्हा लावा. यावेळी K म्हणजे Q नाही, तर Q(x), म्हणजे x मधल्या परिमेय फलांचं फील्ड. छेद आता संख्यांचे नसून बहुपदींचे आहेत, आणि "प्राइम p" म्हणजे 5 किंवा x² + 1 यांपैकी काहीही असू शकतं. दर पायरीला एक चल वाढतं आणि Z[x₁, …, xₙ] तसंच कोणत्याही फील्ड k साठी k[x₁, …, xₙ] यूएफडी ठरतात. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे, आणि वेगळी सिद्धता लागत नाही.

पण ही पुनरावृत्ती करताना एक चल मुख्य धरावं लागतं, आणि तो निवडीचा भाग आहे. एक उदाहरण दोन्ही बाजूंनी सोडवतो. Q[x, y] मध्ये

F = x³y² + x²y − xy³ − y²

आधी x मुख्य, R = Q[y]. x³, x², x आणि स्थिर पद यांचे सहगुणक अनुक्रमे y², y, −y³, −y². मसावि y, म्हणून कंटेंट y, आणि प्रिमिटिव्ह भाग yx³ + x² − y²x − y. याला Q(y)[x] मध्ये x = −1/y हे मूळ आहे: −1/y² + 1/y² + y − y = 0. भागाकार केला की

yx³ + x² − y²x − y = (x + 1/y)·(yx² − y²)

आता छेद काढा. पहिला अवयव (1/y)(yx + 1), दुसरा y(x² − y). 1/y आणि y एकमेकांना खाऊन टाकतात आणि (yx + 1)(x² − y) उरतं. हातानं अवयव पाडताना लोक इथे हमखास गडबडतात: छेद काढताना पहिल्या अवयवाला y ने गुणतात, पण दुसऱ्यातून y बाहेर काढायचा राहतो, आणि उत्तरात y एकदा जास्त येतो. शेवटी प्रत्येक अवयव प्रिमिटिव्ह आहे का ते तपासलं की ही चूक पकडली जाते. x² − y ही Q(y)[x] मध्ये इर्रिड्युसिबल आहे, कारण y हा Q(y) मध्ये कोणाचाही वर्ग नाही. म्हणून F = y(xy + 1)(x² − y).

आता तीच F, y मुख्य धरून, R = Q[x]:

F = −x·y³ + (x³ − 1)·y² + x²·y

सहगुणक −x, x³ − 1, x². यांचा मसावि 1. म्हणजे या बाजूनं F आधीच प्रिमिटिव्ह आहे! मघाशी कंटेंट म्हणून बाहेर आलेला y आता पहिल्या कोटीची एक साधी बहुपदी झाला. पहिल्या जातीचा अवयव दुसऱ्या जातीत गेला, पण अवयवांची यादी तीच राहिली. कंटेंट, प्रिमिटिव्ह, कोटी हे शब्द मुख्य चलावर अवलंबून आहेत, अवयव नाहीत. अनेक चलांत एकमेवपणाचा व्यवहारातला अर्थ हाच: तुम्ही कोणत्याही बाजूनं सुरुवात करा, शेवट एकच.

आणि निवडीचा फायदा उठवता येतो. x² − y इर्रिड्युसिबल आहे हे x च्या बाजूनं दाखवायला वर्गमुळाचा विचार करावा लागला. y च्या बाजूनं ती पहिल्या कोटीची आहे, y चा सहगुणक −1, म्हणजे प्रिमिटिव्ह. पहिल्या कोटीची प्रिमिटिव्ह बहुपदी इर्रिड्युसिबलच असते, पुढे काही करायला नको. म्हणून अनेक चलांची बहुपदी समोर आली की आधी असं चल शोधावं ज्याची कोटी 1 आहे. मात्र प्रिमिटिव्ह आहे का ते बघायला विसरू नये: xy + x ही y मध्ये पहिल्या कोटीची आहे, पण कंटेंट x आहे आणि ती x(y + 1) अशी फुटते.

असं चल मिळालं नाही तर आयझेनश्टाइनचा निकष, तोही कोणत्याही यूएफडीवर. प्रिमिटिव्ह बहुपदीच्या अग्र सहगुणकाला प्राइम p ने भाग जात नाही, बाकी सगळ्यांना जातो, पण स्थिर पदाला p² ने जात नाही, तर ती इर्रिड्युसिबल. C[x, y, z] मधली x² + y² + z² घ्या. x मुख्य, R = C[y, z]. स्थिर पद y² + z² = (y + iz)(y − iz). p = y + iz घ्या. त्याची एकूण कोटी 1 आहे, म्हणून तो इर्रिड्युसिबल. आणि C[y, z] यूएफडी आहे, म्हणून तो प्राइम. p ने y − iz ला भाग जात नाही, तेव्हा p² ने स्थिर पदाला जात नाही. x च्या पदाचा सहगुणक 0, त्याला भाग जातोच. निकष लागू, x² + y² + z² इर्रिड्युसिबल. इथली R पीआयडी नाही, त्यामुळे प्रमेय पीआयडीपुरतं सिद्ध करून थांबलो असतो तर ही पायरी टाकता आली नसती.

दोन धोके मात्र बघून ठेवा. दोनच चलं असतील तर C वर x² + y² = (x + iy)(x − iy) फुटते, जरी Q वर फुटत नाही: फील्ड बदललं की अवयव बदलतात, आणि यूएफडी असणं याबद्दल काही बोलत नाही. दुसरा धोका, 1 + 1 = 0 असलेल्या फील्डवर y² + z² = (y + z)², तिथे p² ने भाग जातो आणि निकष गळतो; आणि खरोखरच x² + y² + z² = (x + y + z)² होते.

जे हरवतं, आणि ते भरून कसं काढायचं

k[x, y] मध्ये x आणि y चा मसावि 1 आहे, पण ux + vy = 1 होणार नाही; (0, 0) ठेवून बघा, डावी बाजू शून्य. Z[x] मध्ये 2 आणि x चंही तेच. म्हणजे मसावि शिल्लक आहे, मसावि जोडणीतून मिळवण्याची सोय गेली. तुमच्या प्रश्नात पीआयडी नसण्याचा जो मुद्दा होता, तो नेमका एवढाच आहे, आणि एकमेव अवयवांना त्याची गरज नाही.

ही सोय थोड्या वेगळ्या रूपात परत मिळवता येते. f आणि g यांना k[x, y] मध्ये सामाईक अवयव नाही असं समजा. गाउसच्या लेमामुळे त्यांना k(x)[y] मध्येही y असलेला सामाईक अवयव नसतो, नाहीतर छेद काढून तो k[x, y] मध्ये आणला असता. k(x)[y] पीआयडी आहे, म्हणून तिथे uf + vg = 1 असे u, v सापडतात. सगळे छेद काढून टाका: आता u, v हे k[x, y] मधले, आणि उजवीकडे 1 ऐवजी फक्त x असलेली एक शून्येतर बहुपदी d(x).

f = x² + y² − 5 आणि g = xy − 2 घेऊन करून बघा:

x²·f − (xy + 2)·g = x⁴ + x²y² − 5x² − (x²y² − 4) = x⁴ − 5x² + 4

म्हणजे d(x) = (x² − 1)(x² − 4). दोन्ही वक्रांवर असलेल्या कोणत्याही बिंदूचा x हा ±1 किंवा ±2 असलाच पाहिजे, आणि g मधून y = 2/x. छेदनबिंदू चार: (1, 2), (−1, −2), (2, 1), (−2, −1). x आणि y ची अदलाबदल करून हाच युक्तिवाद y साठीही चालतो, आणि त्यातून सर्वसाधारण निकाल निघतो: सामाईक अवयव नसलेल्या f, g यांची सामाईक शून्यं मोजकीच असतात. सामाईक अवयव असेल तर काय होतं? f = xy, g = x(y − 1) घ्या: x = 0 ही अख्खी रेघ सामाईक, आणि d(x) शून्येतर असला तरी उपयोगाचा नसतो. इथे d(x) = x मिळतो, तो x मर्यादित करतो; y साठी मात्र तसा d(y) सापडतच नाही.

चलं अनंत असली तरी काही अडत नाही. k[x₁, x₂, x₃, …] मधली कोणतीही एक बहुपदी मोजकीच चलं वापरते, आणि तिच्या अवयवांत नवं चल शिरू शकत नाही, कारण गुणाकारात प्रत्येक चलाच्या कोटींची बेरीज होते. म्हणून अवयव पाडण्याचं सगळं काम मोजक्या चलांच्या रिंगमध्येच होतं आणि ही रिंगही यूएफडी आहे, जरी ती नोथेरियन नाही.

हे प्रमेय चल वाढवण्यापुरतं आहे, त्याला ताणू नका. भागवलेल्या रिंगला ते लागू नाही: k[x, y] यूएफडी आहे, पण y² = x³ लादलं की मिळणारी रिंग नाही. तिथे x = t², y = t³ असं बघता येतं; दोन्ही इर्रिड्युसिबल, कारण t त्या रिंगमध्ये नाही, आणि t⁶ चे (t²)³ व (t³)² असे दोन वेगळे अवयव पडतात. अनंत घातश्रेढींनाही ते लागू नाही: k[[x₁, …, xₙ]] यूएफडी आहे, पण त्याची सिद्धता वेगळी, वायरश्ट्रासच्या प्रमेयातून; आणि R यूएफडी असूनही R[[x]] यूएफडी नसल्याची उदाहरणं प्येर सॅम्युएल यांनी १९६१ मध्ये दिली. R[x] मध्ये K[x] कडे जाऊन परत येता येतं, कारण मोजक्या सहगुणकांचा समान छेद नेहमी निघतो. घातश्रेढीत सहगुणक अनंत असतात, आणि असा समान छेद असेलच असं नाही.